सातबाऱ्यावरचं 'अ.पा.क.'

पनवेलकडून निघालं की पळस्पे फाट्यावर रस्ते फुटतात. एक गोव्याकडे, एक पुण्याकडे, एक जेएनपीटी बंदराकडे. या फाट्याच्या आजूबाजूच्या जमिनीला कधी गिऱ्हाईक येईल आणि कोणत्या कामासाठी, हे सांगता येत नाही. कोणाला गोदाम बांधायचं असतं, कोणाला कंटेनर उभे करायला मोकळी जागा हवी असते. आणि असं गिऱ्हाईक दारात आलं की घराघरातून सातबारे बाहेर निघतात.

त्या सातबाऱ्यावर खातेदारांच्या रकान्यात कधीकधी एक वेगळी ओळ दिसते. मुलाचं नाव, त्यापुढे 'अ.पा.क. आई' आणि मग आईचं नाव. नवरा गेल्यावर एकटीने घर चालवणारी बाई ती ओळ दाखवून विचारते, "सातबाऱ्यावर माझं नाव आहे, मुलगा माझा आहे, त्याच्या शाळेची फी मी भरते. मग त्याच्या हिश्श्यासाठी माझी सही का चालत नाही?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर त्या तीन अक्षरांतच आहे. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालच्या मुलाला 'अज्ञान' म्हणतात आणि अठरा पूर्ण झालेल्याला 'सज्ञान'. इथे त्या शब्दांचा बुद्धीशी संबंध नाही, फक्त वयाशी आहे. तेव्हा त्या ओळीचा अर्थ असा होतो की जमीन मुलाची आहे आणि आई तिचं पालन करते. आईचं नाव त्या ओळीत मालक म्हणून आलेलंच नाही.

दूध काढावं, बाजारात नेऊ नये

शेजारी गावाला गेला आणि आपली गाय तुमच्या गोठ्यात बांधून गेला, असं समजा. तुम्ही तिला चारा घालाल, दूध काढाल, आजारी पडली तर डॉक्टर बोलवाल, दुधाच्या पैशातून पेंड आणाल. कोणी दावं सोडून नेऊ लागला तर भांडालही. या प्रत्येक गोष्टीला शेजाऱ्याला विचारावं लागत नाही. पण गाय बाजारात नेऊन विकायची ठरवलीत, तर भाव कितीही चांगला आला असला तरी तो अधिकार तुमचा नाही.

पालकाचे अधिकार नेमके असेच आखलेले आहेत. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम हा १९५६ चा कायदा आहे. तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू होतो. त्याच्या कलम ८ मध्ये आधी पालकाला मोठी मोकळीक दिली आहे. मुलाच्या हितासाठी आणि त्याच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी जे आवश्यक आणि वाजवी असेल ते सगळं पालकाला करता येतं. जमीन कसणं, शेतसारा भरणं, बांधावरून भांडण झालं तर मुलाच्या वतीने दावा लावणं, मोजणी आणणं, भात विकून आलेले पैसे मुलावर खर्च करणं, या कशासाठीही कोर्टाची पायरी चढायची गरज नाही.

मग त्याच कलमात कुंपण घातलं आहे. मुलाची स्थावर मालमत्ता, म्हणजे जमीन किंवा घर, विकायची, गहाण ठेवायची, बक्षीस द्यायची किंवा तिची अदलाबदल करायची, तर आधी कोर्टाची परवानगी लागते. 'आधी' हा शब्द महत्त्वाचा आहे. खरेदीखत करून मग परवानगी आणू, असं चालत नाही.

भाडेपट्ट्याचा नियम थोडा बारीक आहे आणि पळस्प्यासारख्या ठिकाणी तोच जास्त अडवतो. परवानगीशिवाय पालक पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पट्टा देऊ शकत नाही. शिवाय तो पट्टा मूल सज्ञान झाल्यानंतर एका वर्षापलीकडे जाता कामा नये. मुलगा आज बरोबर पंधरा वर्षांचा असेल तर पाच वर्षांचा पट्टा वीसपर्यंत जाईल, आणि ते चालणार नाही. त्याच्या बाबतीत एकोणिसाव्या वाढदिवसापर्यंतचा, म्हणजे चारच वर्षांचा पट्टा देता येतो. गोदामासाठी जागा घेणाऱ्यांना मुदत लांब हवी असते, कारण पत्र्याची शेड उभी करायचा खर्चच त्यांना दोन-चार वर्षांत वसूल होत नाही. अशा वेळी आईने केलेला लांब मुदतीचा करार मुलाच्या हिश्श्यापुरता कच्चा राहतो, आणि हे बहुतेकदा दोन्ही बाजूंना ठाऊक नसतं.

आणखी एक मर्यादा आहे. पालक स्वतःच्या वचनाने मुलाला वैयक्तिकरीत्या बांधून टाकू शकत नाही. 'मुलगा मोठा झाला की सही करेल, नाही केली तर भरपाई देईल' असं कलम घालून केलेले कागद मी पाहिले आहेत. त्या ओळीला कायद्यात काही किंमत नाही.

पालक कोण? आई, काका की आजोबा?

१९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई, असं लिहिलं आहे. बाप गेल्यावर आईचं पालकत्व आपोआप येतं, त्यासाठी कोर्टातून नेमणूक करून घ्यावी लागत नाही. पण बाप जिवंत असून घर सोडून गेला असेल तर काय?

हा प्रश्न आपल्या विदर्भातल्या एका जमिनीवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान या १९७० च्या खटल्यात आई-वडील कित्येक वर्षं वेगळे राहत होते. बापाचं मुलीकडे लक्ष नव्हतं आणि जमिनीचा सगळा कारभार आईच बघत होती. तिने अज्ञान मुलीच्या वतीने जमीन कुळाला लावून दिली होती. न्यायालयाने ते मान्य केलं आणि अशा स्थितीत आईच नैसर्गिक पालक ठरते असं सांगितलं. पुढे लेखिका गीता हरिहरन यांनी रिझर्व्ह बँकेकडे मुलाच्या नावाने रोख्यांसाठी पालक म्हणून अर्ज केला आणि बँकेने वडिलांची सही मागितली. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'त्याच्यानंतर' याचा अर्थ 'तो मेल्यानंतर' इतका अरुंद नाही, 'तो नसताना' असा आहे, हे सगळ्या देशासाठी ठरवून दिलं. बाप दूर असेल, लक्ष देत नसेल किंवा आजारपणाने असमर्थ असेल, तर तो जिवंत असतानाही आई पालक म्हणून काम करू शकते.

काका, आजोबा, मामा, मोठी बहीण यांची गोष्ट वेगळी आहे. पोरकी झालेली मुलं त्यांनी पोटच्यासारखी वाढवलेली असतात, पण कोर्टाने १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली नेमल्याशिवाय किंवा बापाच्या अगर आईच्या मृत्युपत्राने नेमल्याशिवाय ते कायद्याने पालक होत नाहीत. फक्त सांभाळ करणाऱ्याला मुलाच्या मालमत्तेचा व्यवहारच करता येत नाही, असं १९५६ च्या कायद्याचं कलम ११ सांगतं. थोरल्या बहिणीने लहान बहिणीच्या वतीने केलेली विक्री सर्वोच्च न्यायालयाने मुळापासून शून्य ठरवली आहे. म्हणजे आईने परवानगीशिवाय केलेली विक्री आणि काकाने केलेली विक्री, दोन्ही चुकीच्या असल्या तरी त्यांचं पुढचं भवितव्य सारखं नसतं. आईची विक्री उभी असते, मुलाला ती पाडता येते. काकाची विक्री उभीच राहत नाही.

ए.कु.मॅ. ही ओळ वेगळी

सातबाऱ्यावर कधी अ.पा.क. ऐवजी 'ए.कु.मॅ.' दिसतं. ते 'एकत्र कुटुंब मॅनेजर'चं संक्षिप्त रूप आहे. एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन असेल आणि वाटप झालेलं नसेल, तर त्यातल्या मुलाच्या अविभक्त हिश्श्याला कलम ८ लागूच होत नाही. तिथे कुटुंबाचा कर्ता कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी व्यवहार करू शकतो आणि कोर्टाची आगाऊ परवानगी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये नारायण बाल यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं.

म्हणून वकील आधी विचारतो, "जमीन आली कुठून?" बापाने स्वतः कमावून घेतलेली जमीन त्याच्या मृत्यूनंतर वारसाने मुलाकडे आली असेल, तर तो हिस्सा मुलाचा स्वतंत्र हिस्सा आहे आणि कुंपण लागू होतं. या एका प्रश्नाचं उत्तर जुन्या फेरफारांत असतं. त्यासाठी आजचा सातबारा पुरत नाही, मागचे फेरफार एकेक करून वाचावे लागतात.

एक हिशेब

आता एक उदाहरण घेऊ. माणसं मनातली आहेत, पण असे कागद पनवेल तालुक्यातल्या कुठल्याही गावात सापडतील.

पळस्प्यातल्या एका गृहस्थाने स्वतःच्या पगारातून ४० गुंठे जमीन घेतली होती. २०१६ मध्ये मृत्युपत्र न करता तो वारला. मागे त्याची आई, बायको, १० मार्च २००६ ला जन्मलेली मुलगी आणि १० ऑगस्ट २०१० ला जन्मलेला मुलगा. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, पत्नी आणि मुलं हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत आणि त्यांचे हिस्से सारखे. म्हणजे प्रत्येकाला १० गुंठे. (मृताच्या आईलाही हिस्सा असतो, हे अनेक घरांत विसरलं जातं.) वारस नोंद झाली, आणि सातबाऱ्यावर मुलांच्या दोन नावांपुढे 'अ.पा.क. आई' आलं.

२०१८ मध्ये गिऱ्हाईक आलं. हिशेब सोपा व्हावा म्हणून सगळ्या जमिनीचा भाव ४० लाख धरू. आजीने स्वतःसाठी सही केली. आईने स्वतःसाठी केली आणि दोन्ही मुलांची पालक म्हणून आणखी दोन केल्या. मुद्रांक शुल्क भरलं, दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला, गिऱ्हाईकाचं नाव सातबाऱ्यावर चढलं. कोर्टाची परवानगी कोणीच घेतली नाही.

दस्त नोंदला गेला म्हणजे सगळं पक्कं झालं, असं गिऱ्हाईकाला वाटतं. पण नोंदणीने एवढंच सिद्ध होतं की या माणसांनी या तारखेला या कागदावर सही केली. सही करणाऱ्याला विकण्याचा अधिकार होता, ही हमी नोंदणी देत नाही. प्रत्यक्षात त्या ४० गुंठ्यांपैकी आजीचे आणि आईचे मिळून २० गुंठे पक्के विकले गेले. मुलांचे २० गुंठे अधांतरी राहिले. कायदा अशा विक्रीला शून्य म्हणत नाही, 'शून्यकरणीय' म्हणतो, म्हणजे रद्द करता येण्याजोगी. ती रद्द करण्याचा हक्क फक्त मुलांचा किंवा त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांचा आहे. आईला उद्या पस्तावून 'मी परवानगी घेतली नव्हती, जमीन परत द्या' असं स्वतःसाठी म्हणता येत नाही.

परवानगी घेतली असती तर काय झालं असतं? आईने जिल्हा न्यायालयाकडे अर्ज केला असता. मुलं मुंबईत मामाकडे शिकत असली तरी अर्ज जमीन जिथे आहे तिथल्याच न्यायालयात होतो, म्हणजे इथे रायगड जिल्ह्यात. अर्जासोबत सातबारा, आठ-अ, फेरफार, मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि ठरलेल्या किमतीचा आधार लागतो. कोर्ट मुलाच्या नातेवाइकांना नोटीस काढू शकतं. मुख्य प्रश्न एकच असतो, की या विक्रीची मुलाला गरज आहे का, किंवा तिच्यात मुलाचा उघड फायदा आहे का. कायद्यात परवानगीसाठी ही दोनच कारणं आहेत.

'भाव चांगला आहे' हे उत्तर त्यामुळे अपुरं पडतं. बापाच्या उपचाराचं कर्ज फेडायचंय आणि बँक जमिनीवर येईल, हे उत्तर चालू शकतं. चार जणांची मिळून जमीन आहे, बाकीचे विकताहेत, आणि मुलांचे २० गुंठे मध्ये अडकून पडले तर त्यांना पुढे योग्य भाव येणार नाही, हेही पटू शकतं. पण मोठ्यांना पनवेलमध्ये फ्लॅट घ्यायचाय, तर त्या फ्लॅटवर मुलांचं नाव लागणार का, हे कोर्ट विचारणारच.

परवानगी मिळाली तर आदेशात कारण लिहिलेलं असतं आणि अटी घातलेल्या असतात. मुलांच्या हिश्श्याचे पैसे, आपल्या हिशेबात प्रत्येकी १० लाख, कोर्टात भरायला सांगता येतात. बहुतेकदा ते राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवले जातात आणि मूल सज्ञान होईपर्यंत कोर्टाच्या हुकमाशिवाय काढता येत नाहीत. शिक्षणासाठी लागले तर वेगळा अर्ज करावा लागतो. आयांना हा त्रास वाटतो, आणि तो आहेच. पण हीच अट अठराव्या वर्षी मुलीच्या हातात तिचे १० लाख शाबूत देते. परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांत जमीन तर जातेच, पैशाचाही माग राहत नाही, हे मी सगळ्यात जास्त पाहिलेलं नुकसान आहे.

चौकट : मुलाच्या हिश्श्याबाबत पालक म्हणून आईला

परवानगीशिवाय करता येतं : जमीन कसणं, सारा भरणं, दावा लावणं, मोजणी, मर्यादित मुदतीचा पट्टा.

आधी कोर्टाची परवानगी हवी : विक्री, गहाण, बक्षीसपत्र, अदलाबदल, लांब मुदतीचा पट्टा.

अठराव्या वाढदिवसाच्या पहाटे

मूल सज्ञान कधी होतं? १८७५ चा भारतीय सज्ञानता कायदा सांगतो की अठरावा वाढदिवस सुरू झाला त्या क्षणी. जन्म रात्री अकराला झाला असला तरी रात्री अकराची वाट पाहायची नाही. जुन्या माणसांच्या तोंडी '२१ वर्षं' येतात, तेही खोटं नाही. कोर्टाने पालक नेमलेल्या मुलांसाठी पूर्वी वय २१ होतं. १९९९ च्या दुरुस्तीने ते सगळ्यांसाठी १८ झालं. हे वय सगळ्या धर्मांच्या मुलांना सारखं लागू आहे. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांत पालकाचे अधिकार मात्र त्यांचा व्यक्तिगत कायदा आणि १८९० चा कायदा यांवरून ठरतात.

आपल्या उदाहरणातली मुलगी १० मार्च २०२४ ला सज्ञान झाली. त्या दिवशी आईचा तिच्या मालमत्तेवरचा अधिकार संपला. त्यानंतर आईने 'अ.पा.क.' म्हणून केलेल्या सहीला काही अर्थ उरत नाही. बँकेतही मुलीला स्वतःची ओळखपत्रं आणि नमुना सही द्यावी लागते, आणि खातं आता तिच्याच सहीने चालतं.

त्याच दिवशी एक घड्याळही सुरू झालं. पालकाने केलेली विक्री रद्द करून घ्यायला कायद्याने तीन वर्षांची मुदत दिली आहे, आणि ती सज्ञान झाल्याच्या तारखेपासून मोजली जाते. विक्री २०१८ ची आहे की आणखी जुनी, याला महत्त्व नाही. मुलीची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. मुलगा ऑगस्ट २०२८ मध्ये सज्ञान होईल आणि त्याची मुदत ऑगस्ट २०३१ मध्ये संपेल. आपली मुदत संपेपर्यंत मुलीला विक्री मान्य करता येते, किंवा ती नाकारता येते. काहीच केलं नाही, तर मुदत सरल्यावर विक्री पक्की होते आणि मग त्या विक्रीविरुद्ध बोलता येत नाही. विक्री नाकारली आणि तिच्या हिश्श्याचा पैसा खरोखर तिच्यावर खर्च झाल्याचं दिसलं, तर कोर्ट तो परत करायलाही सांगू शकतं.

पण नाकारायचं कसं? इथे महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्याकडे नीट पाहायला हवं. विश्वंभर विरुद्ध लक्ष्मीनारायण हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. बाप वारल्यावर आईने १९६७ आणि १९७४ मध्ये दोन अज्ञान मुलांच्या जमिनी कोर्टाच्या परवानगीशिवाय विकल्या होत्या. मुलांनी १९८० मध्ये जमिनीचा ताबा परत मागण्यासाठी दावा लावला. एका भावाची तीन वर्षं दावा लावण्याआधीच उलटून गेली होती. दुसरा मात्र मुदतीत होता. तरीही तो हरला. कारण दाव्यात ताबा मागितला होता, पण 'आईने करून दिलेली खरेदीखतं रद्द करा' अशी मागणीच केलेली नव्हती. ती मागणी नंतर दाव्यात दुरुस्ती करून घातली, आणि तोवर त्याचीही मुदत संपली होती. न्यायालयाचं म्हणणं असं, की रद्द करता येण्याजोगी विक्री कोणीतरी रद्द करेपर्यंत जिवंत असते. ती जिवंत असताना ताबा मागून उपयोग नाही. म्हणजे वेळेवर कोर्टात पोहोचूनही एका न लिहिलेल्या वाक्यापायी त्या मुलाचा हिस्सा गेला. हा निकाल वाचताना मला दर वेळी चुटपुट लागते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. एस. शिवप्पा विरुद्ध नीलम्मा या खटल्यात या बाबतीत थोडी वाट मोकळी केली. कर्नाटकातल्या दावणगेरे भागातल्या भूखंडांचा तो वाद होता. बापाने मुलांच्या नावे घेतलेले भूखंड परवानगीशिवाय विकले. मुलांनी सज्ञान झाल्यावर दावा लावला नाही. त्यांनी तेच भूखंड स्वतःच्या सहीने दुसऱ्याला विकून टाकले. न्यायालयाने सांगितलं की नाकारण्यासाठी दरवेळी दावाच लावला पाहिजे असं नाही. सज्ञान झाल्यावर मुलाने मुदतीच्या आत, संशय राहणार नाही अशा स्पष्ट कृतीने जुनी विक्री झिडकारली, तर तेही पुरेसं होऊ शकतं.

हा निकाल आल्यापासून 'आता दाव्याची गरजच नाही' असं बोललं जाऊ लागलं आहे, आणि मला ते धोक्याचं वाटतं. जमिनीवर कोण आहे, नोंदीत कोणाचं नाव आहे, मुलांना जुन्या विक्रीची माहिती होती का, या सगळ्यावर तो प्रश्न फिरतो. आपल्या उदाहरणात गिऱ्हाईकाचं नाव सातबाऱ्यावर चढलंय आणि ताबाही त्याचा आहे. तिथे मुलीने दुसऱ्याला खरेदीखत करून देऊन काय साधणार? दुसरा माणूस ताबा घ्यायला गेला की अखेर कोर्टातच जाईल. ज्याच्याकडे ताबा नाही त्याने मुदतीत दावा लावणं, आणि त्यात खरेदीखत रद्द करण्याची मागणी पहिल्याच दिवशी लिहिणं, हाच सुरक्षित मार्ग आहे.

'अ.पा.क.' निघत का नाही?

सातबाऱ्यावरच्या त्या ओळीकडे परत येऊ. जिथे काहीच विकलं गेलेलं नाही, त्या घरांतही एक अडचण उरते. मुलगा तिशीचा झालेला असतो, त्याला स्वतःचं मूल झालेलं असतं, आणि सातबाऱ्यावर अजूनही 'अ.पा.क. आई' असतं. कारण हा शेरा वाढदिवसाला आपोआप गळून पडत नाही. महसूल खात्याला कोणाचं वय कधी पूर्ण झालं हे कळवणारी यंत्रणा नाही, तसा अर्ज खातेदारानेच करावा लागतो.

शेरा राहिला म्हणून मालकी जात नाही, हेही खरं. पण पीककर्ज काढायला, वाटप करायला किंवा विकायला गेलं की बँक आणि निबंधक कार्यालय तिथेच थांबवतात. आई तोवर वारलेली असेल तर तिच्या नावामुळे गोंधळ आणखी वाढतो. लोक तिला हिस्सेदार समजून तिचे वारस लावायला निघतात, आणि कधी लग्न होऊन गेलेल्या बहिणींशी विनाकारण वाद उभा राहतो.

शेरा काढायचं काम साधं आहे. ई-हक्क या महसूल खात्याच्या प्रणालीत 'अ.पा.क. शेरा कमी करणे' असा वेगळा अर्जच दिलेला आहे. वयाच्या पुराव्यासाठी जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा. तलाठी फेरफार धरतो, हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. दाखल्यावरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव यांत फरक असेल, एकीकडे घरचं लाडाचं नाव आणि दुसरीकडे शाळेतलं, तर अर्ज तिथे अडकतो. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवलेलं बरं.

जमीन घेणाऱ्यांनीही ही ओळ वाचायला शिकावं. आजच्या सातबाऱ्यावर अ.पा.क. नसलं तरी मागच्या फेरफारांत एखाद्या विक्रीच्या वेळी होतं का, त्या मुलाचं वय तेव्हा काय होतं, आज तो २१ च्या पुढे गेला आहे का, आणि कोर्टाच्या परवानगीचा आदेश कागदांत आहे का, एवढं पाहायला एक दुपार लागते.

तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर अ.पा.क. असेल, तर आज त्या मुलाच्या जन्मतारखेवरून हिशेब करून बघा. अठरा झाली असतील तर शेरा काढायचा अर्ज करा. आणि त्याच्या लहानपणी त्याच्या हिश्श्याची विक्री झाली असेल, तर ते खरेदीखत घेऊन त्याच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आत वकिलाकडे जा.